मदत हवी आहे: एबीसीच्या एका गणिताची तीन उत्तरं, सेटअपला नक्की कोणता ड्रायव्हर घ्यायचा?

बदलापूर_लोकल

नमस्कार मंडळी. सीए इंटरच्या कॉस्टिंगची तयारी करतेय. दादरच्या क्लासच्या नोट्समधलं एक गणित दोन दिवस सुटत नाहीये. येता-जाता ट्रेनमध्येही तेच काढून बसते.

कंपनी दोन प्रकारचे व्हॉल्व्ह बनवते. साधा व्हॉल्व्ह वर्षाला २०,००० नग, प्रत्येकी १ मशीन तास. खास व्हॉल्व्ह २,००० नग, प्रत्येकी २ मशीन तास. एकूण ओव्हरहेड १२ लाख. पारंपरिक पद्धतीने मशीन तासाला ५० रुपये, म्हणजे साध्याला ५० आणि खासला १००. इथपर्यंत ठीक.

पुढे एबीसीसाठी १२ लाखांचे तीन पूल दिलेत. मशीन चालवण्याचा खर्च ६,००,०००, सेटअप कामगारांचा पगार ३,६०,००० आणि खरेदी विभाग २,४०,०००. साध्याची बॅच २,००० नगांची, तिच्या सेटअपला २ तास. खासची बॅच ५० नगांची, सेटअपला साडेचार तास. पर्चेस ऑर्डर साध्याच्या ४० आणि खासच्या ८०.

खास व्हॉल्व्हचं ओव्हरहेड प्रति नग माझं ४२४ येतं, मैत्रिणीचं २७४ आणि नोट्सच्या मागे २९२ छापलंय. गंमत म्हणजे तिन्हींत एकूण बेरीज बरोब्बर १२ लाख जुळते. मग चुकलं कुणाचं आणि कुठे? सेटअपची संख्या आणि सेटअपचे तास असं दोन्ही हाताशी असताना काय उचलायचं हे कसं ठरवता?

पहिला_ग्रुप

बेरीज जुळली म्हणजे वाटप बरोबर असतं, त्यामुळे तुझी चूक फार मोठी नसणार. सेटअपच्या खर्चाला सेटअपची संख्या घ्यायची, सगळ्या सोडवलेल्या गणितांत तसंच असतं. १० आणि ४० सेटअप, एकूण ५०. ३,६०,००० भागिले ५० म्हणजे ७,२०० रुपये प्रति सेटअप. मैत्रिणीचं बरोबर आहे, नोट्समध्ये छपाईची चूक असेल. मी मागच्या वेळी असंच लिहिलं होतं आणि मार्क मिळाले होते.

शिल्लक_मेळ

ताई, हे ओव्हर-अॅबसॉर्प्शनचं प्रकरण दिसतंय. वर्षअखेरीला प्रत्यक्ष ओव्हरहेड किती झालं ते बघा आणि फरक पी अँड एलला टाका किंवा सप्लिमेंटरी रेट काढा. मग ४२४ आणि २९२ मधला फरक निघून जाईल.

बदलापूर_लोकल

@शिल्लक_मेळ, यात बजेट आणि प्रत्यक्ष असं काही दिलेलंच नाही हो. १२ लाख एकच आकडा आहे, तो दोन व्हॉल्व्हमध्ये कसा वाटायचा एवढाच प्रश्न आहे.

@पहिला_ग्रुप, सेटअपला मी पण संख्याच घेतली होती. तरी माझं उत्तर मैत्रिणीपेक्षा दीडशेने जास्त आहे.

जुनी_खातेवही

मुली, मशीनच्या पूलची तुझी ओळ इथे लिही बघू. चूक तिथे असावी असा माझा अंदाज आहे.

बदलापूर_लोकल

हो काका. मशीन तास १ आणि २, एकूण ३. ६,००,००० भागिले ३ म्हणजे २,००,०००. साध्याला २ लाख, खासला ४ लाख.

जुनी_खातेवही

सापडली. १ आणि २ हे एका नगाचे तास आहेत. पूलमधले सहा लाख मात्र वर्षभराचे आहेत. वर्षभराचा खर्च वाटायचा तर मापही वर्षभराचंच हवं: साधा २०,००० तास, खास ४,००० तास. मशीन तासाला २५ रुपये. साध्याकडे ५ लाख जातात, खासकडे फक्त १ लाख. तू खासवर तीन लाख जादा चढवलेस. २,००० नगांवर ते १५० रुपये होतात, आणि तुझ्या ४२४ व मैत्रिणीच्या २७४ मधला फरक तेवढाच आहे.

आता बेरजेबद्दल, कारण वरचा सल्ला इथे अनेकांना फसवतो. पूलची रक्कम कुठल्याही प्रमाणात वाटली तरी बेरीज मूळ रकमेएवढीच येणार. १:२ ने वाट, ५:१ ने वाट, नाहीतर नाणं उडवून वाट. बेरीज जुळली तर भागाकार नीट झाला एवढंच कळतं, ड्रायव्हर योग्य होता का ते कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करायची. प्रत्येक पूलपुढे खासचा वाटा टक्क्यांत लिहायचा आणि स्वतःला विचारायचं, हे पटतं का? वर्षाच्या २४,००० मशीन तासांतले ४,००० वापरणाऱ्या व्हॉल्व्हकडे मशीन खर्चाचे ६७ टक्के कसे जातील? हा प्रश्न विचारला असतास तर चूक लगेच दिसली असती.

सेटअपचं सावकाश सांगतो, खरी मेख तिथे आहे.

आपल्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल आठव. आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर लावतात, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर आणि सेवा शुल्क सगळ्यांना समान. एकाच बिलात तीन वेगळे पाये असतात, कारण तिन्ही खर्च वेगवेगळ्या कारणांनी वाढतात. एबीसी म्हणजे हेच. पारंपरिक पद्धत म्हणजे सगळं बिल चौरस फुटांवर मारणं. आणि लिफ्टचा खर्च लिफ्ट न वापरणाऱ्या तळमजल्यालाही समान लागतो, त्यावरून वार्षिक सभेत भांडणं होतात. तिथला पाया सोयीचा आहे, पण खर्च त्याच्यामुळे होत नाही. ड्रायव्हर निवडताना सोय आणि कारण यांत अशीच ओढाताण असते.

आता पूलचं नाव पुन्हा वाच: सेटअप कामगारांचा पगार. माणसाचा वेळ विकत घेतलाय. साध्याचा सेटअप त्याचे दोन तास खातो, खासचा साडेचार. तासांवर घेतलं तर साध्याचे १० गुणिले २ म्हणजे २० तास, खासचे ४० गुणिले साडेचार म्हणजे १८० तास. एकूण २०० तास, तासाला १,८०० रुपये. म्हणजे साध्याचा एक सेटअप ३,६०० रुपयांचा आणि खासचा ८,१०० रुपयांचा. संख्या घेतली की दोन्हींना सरसकट ७,२०० लागतात. सेटअपला लागणारा वेळ सारखा असेल तर संख्या चालते, आणि तेव्हा तास घेतले तरी उत्तर तेच येतं. वेळ वेगवेगळा असेल तर तास घ्यायचे. गणितात वेळ मुद्दाम दिलाय तो त्यासाठीच.

त्यामुळे खासकडे मशीनचे १,००,०००, सेटअपचे ३,२४,००० आणि खरेदीचे १,६०,००० जातात. ५,८४,००० भागिले २,००० म्हणजे २९२. साध्याचं ३० रुपये ८० पैसे. नोट्समधलं उत्तर बरोबर आहे.

पहिला_ग्रुप

काका, बेरजेचं मान्य, ते मी चुकीचं सांगितलं. पण सोडवलेल्या गणितांत सेटअपची संख्या असते हे तरी खरं ना?

जुनी_खातेवही

खरं आहे, पण तिथे बहुतेकदा वेळ दिलेलाच नसतो. जे दिलेलं नाही ते कसं वापरणार? शिवाय संख्या हाच योग्य ड्रायव्हर असेल अशीही स्थिती असते. समज, पूलमध्ये पगार नाही, तर प्रत्येक सेटअपनंतर भंगारात जाणाऱ्या पहिल्या चार-पाच नगांचा माल आहे. सेटअपला दोन तास लागोत की साडेचार, भंगार तेवढंच होत असेल तर संख्याच बरोबर. म्हणून आधी पूलमध्ये काय भरलंय ते वाचायचं, ड्रायव्हर नंतर शोधायचा. ‘सेटअप’ हा शब्द दिसला की हात आपोआप संख्येकडे जातो, तो आवरायचा.

फिटर_ते_अकाउंट

मी अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघतो, आधी तिथेच मशीनवर होतो. आमच्याकडे अगदी हेच झालं. छोट्या ऑर्डरींचा भाव मशीन तासावर काढायचो, त्या स्वस्त वाटायच्या, म्हणून आणखी घेत गेलो. सेटअपचे तास मोजायला लागलो तेव्हा कळलं की सेटरचा बहुतेक दिवस त्या चिल्लर ऑर्डरींत जातोय.

पण एक गोष्ट या गणितात दिसत नाही. आम्ही बॅचा मोठ्या केल्या, सेटअप कमी झाले, तरी पगाराचा खर्च एक रुपयानेही कमी झाला नाही. सेटर तोच, पगार तोच, फक्त दुपारी मोकळा. कागदावर तासाचा रेट उलट वाढला, कारण तोच पगार कमी तासांवर भागला गेला. मग एबीसीने वाचलं काय?

जुनी_खातेवही

एबीसीने पगार आपोआप वाचत नाही, सेटरचा वेळ कुठे जातो ते फक्त दिसतं. आणि तुमचा रेट वाढला, कारण तो वापरलेल्या तासांवर काढला होता. कामगाराकडे वर्षाला प्रत्यक्षात किती सेटअप तास उपलब्ध आहेत, त्यावर रेट काढायचा. या गणितात उपलब्ध तास २४० असते तर रेट १,५०० झाला असता आणि न वापरलेल्या ४० तासांचे ६०,००० वेगळे दाखवले असते, कुठल्याच व्हॉल्व्हवर टाकले नसते. तसं केलं की काम कमी झालं म्हणून रेट वाढत नाही आणि रिकामा वेळ मालकाच्या डोळ्यांसमोर राहतो. त्या वेळेत काय करायचं हा निर्णय मात्र हिशेब घेत नाही. परीक्षेत उपलब्ध क्षमता दिली नसेल तर वापरलेल्या तासांवरच भागायचं.

बदलापूर_लोकल

काका, शंभर वेळा आभार. रात्री परत पहिल्यापासून सोडवलं, प्रत्येक पूलपुढे खासचा वाटा लिहून: मशीन १७ टक्के, सेटअप ९० टक्के, खरेदी ६७ टक्के. असं लिहिल्यावर १०० चे २९२ का झाले ते समोरच दिसतं.

आता शेवटचा उपप्रश्न. खासची विक्री किंमत ४८० आणि प्रत्यक्ष खर्च २५० आहे. पारंपरिक पद्धतीने १३० नफा, एबीसीने ६२ तोटा. ‘खास व्हॉल्व्ह बंद करावा का?’ मी ‘हो’ लिहिलंय.

फिटर_ते_अकाउंट

घाई करू नका. बंद केला तर सेटरचा पगार आणि मशीनचा घसारा जाणार आहे का? विक्रीतून प्रत्यक्ष खर्च वजा करून नगामागे २३० सुटतात, म्हणजे वर्षाला ४,६०,०००. ओव्हरहेडमधला नक्की किती खर्च वाचेल ते कळल्याशिवाय ‘हो’ म्हणता येत नाही.

जुनी_खातेवही

सहमत. ५,८४,००० पैकी ४,६०,००० पेक्षा जास्त खर्च खरोखर टळत असेल तरच बंद करणं परवडेल, आणि गणितात ते दिलेलं नाही. तेवढं स्पष्ट लिही. आधी भाव वाढवणं किंवा किमान ऑर्डर ५० वरून १०० वर नेणं सुचव. बॅच दुप्पट झाली की खासचे सेटअप ४० वरून २० वर येतात.

पहिला_ग्रुप

खरेदीचं राहिलंच. खासच्या एका ऑर्डरमध्ये दहा प्रकारचे सुटे भाग आणि साध्याच्या ऑर्डरमध्ये एकच, असं असेल तर ऑर्डरींची संख्या तरी कशी चालेल? काकांच्याच न्यायाने ऑर्डरमधल्या ओळी मोजायला हव्यात.

जुनी_खातेवही

बरोबर पकडलंस. ओळी दिल्या असत्या तर मी त्याच घेतल्या असत्या. पण खरेदी विभागाचा वेळ पुरवठादाराशी बोलण्यात जातो की ओळी भरण्यात, यावर ते ठरेल, आणि माझ्या दोन नोकऱ्यांत दोन वेगळी उत्तरं होती. खरेदीत काम करणारं इथे कोणी असेल तर लिहा.