मदत हवी आहे: जुना स्टेंट, पायात नवी गुठळी; ॲस्पिरिन थांबवावी का?

चोपड्याकडचा रुग्ण, वय 58. 14 महिन्यांपूर्वी स्टेंट, ॲस्पिरिन 75 मिग्रॅ चालू. आता मांडीच्या शिरेत गुठळी. घरचे विचारतात, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना हे झालंच कसं? धमनीत फाटलेल्या अस्तरावर आधी प्लेटलेट चिकटतात, ॲस्पिरिन त्यांनाच आवरते. शिरेत रक्त संथ झालं की थ्रोम्बिन साचतं, फायब्रिनचं जाळं तांबड्या पेशी धरून ठेवतं. तिथे ॲस्पिरिन फार कमी पडते. म्हणून ॲपिक्साबॅन सुरू केलंय: 10 मिग्रॅ दिवसातून दोनदा 7 दिवस, मग 5 मिग्रॅ दोनदा. सोबत ॲस्पिरिन ठेवली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ती थांबवावी असं माझं मत. पण स्टेंट डाव्या मुख्य धमनीत आहे. अशा वेळी तुम्ही एकट्या ॲपिक्साबॅनवर ठेवता का? जळगाव-धुळ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी कृपया सांगावं.