शब्दचर्चा : ‘की’, कळ की किल्ली?

पाटीपेन्सिल
तंत्रनिकेतनात शिकवते. कूटलेखनाचं अख्खं प्रकरण परीक्षेआधी मुलांना दोन पानांत बसवून द्यायचं आहे. डावीकडे दोघांकडे एकच किल्ली असलेली पद्धत, उजवीकडे जाहीर किल्लीची पद्धत आणि खाली दरवर्षी फिरून फिरून येणारे प्रश्न. तक्ता जवळपास झालाय, घोडं अडलंय शब्दांवर. मागच्या वर्षी एकाने उत्तरात लिहिलं होतं, ‘या पद्धतीत सार्वजनिक की खाजगी की वापरतात.’ तो सांगतोय की मलाच विचारतोय, हे मला तीनदा वाचूनही कळेना. वर वर्गातली निम्मी मुलं डावीकडच्या किल्लीलाही ‘गुप्त की’ म्हणतात आणि उजवीकडच्या खाजगीलाही ‘गुप्त की’च. मग तक्त्यातले दोन रकाने एकमेकांत मिसळतात. तुम्ही कुठले शब्द वापराल?

बोरूबहाद्दर
‘की’ लगेच हाकलून द्या. उभयान्वयी अव्ययाला नाम करण्याचा हा उद्योग कुणी सुरू केला कोण जाणे. ‘कळ’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे, कळफलक आपण सगळेच म्हणतो. आणि ‘खासगी’ लिहा, ‘खाजगी’ नको. पद्धतींना सममित आणि असममित म्हणा. अर्थही उघड आहे. सममित म्हणजे दोन्ही टोकांच्या कळा सारख्या बळाच्या, असममित म्हणजे एक बळकट, एक दुबळी. दुबळी आहे तीच लोकांना वाटायची, त्यात धोका नाही.

तळटीप
‘की’बद्दल पूर्ण सहमत. पुढच्या दोन्ही गोष्टींबद्दल नाही.

कळ ही दाबायची वस्तू आहे (किंवा काढायची, भांडायचं असेल तर). इथे काम कुलूप लावण्याचं आणि उघडण्याचं आहे, म्हणून किल्ली.

‘असममित’मधली विषमता बळाची नाही, कुणाला काय करता येतं याची आहे. डावीकडच्या पद्धतीत ज्याला कुलूप लावता येतं त्याला ते उघडताही येतं, कारण किल्ली एकच. दोघंही दोन्ही कामं करू शकतात, ही झाली सममिती. उजवीकडे जाहीर किल्लीने कुणीही कुलूप लावावं, पण लावणाऱ्यालाही ते परत उघडता येत नाही. उघडते फक्त जोडीतली दुसरी. जाहीर किल्ली दुबळी असती तर तिच्यावरून दुसरी काढता आली असती आणि सगळा डोलाराच कोसळला असता. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली ही कल्पना मांडली तेव्हा नवं होतं ते हेच.

आता ‘गुप्त’चा घोळ. डावीकडच्या किल्लीला ‘गुपित किल्ली’ म्हणा, उजवीकडचीला ‘खासगी’. गुपित दोघांचं असू शकतं, किंबहुना दोघांचं असेल तरच त्याचा इथे उपयोग. खासगी मात्र एकट्याचंच, ते समोरच्यालाही सांगायचं नाही. एवढा एक फरक मुलांच्या डोक्यात बसला तर तक्त्याच्या निम्म्या ओळी पाठ कराव्या लागणार नाहीत.

पाटीपेन्सिल
निम्म्या म्हणजे कुठल्या? एखादी करून दाखवाल?

तळटीप
हमखास येणारा प्रश्न घ्या. पन्नास जणांना आपापसांत दोघादोघांत गुप्तपणे बोलायचं आहे, किल्ल्या किती? गुपित दोघांचं, म्हणजे जितक्या जोड्या तितकी गुपितं. ५० गुणिले ४९, भागिले २, म्हणजे १२२५. खासगी एकट्याचं, म्हणजे माणशी एक खासगी आणि तिची जोडीदार जाहीर, एकूण १००. मुलं इथे २ ने भागायला विसरतात आणि २४५० लिहितात. अ आणि ब यांचं गुपित तेच ब आणि अ यांचं गुपित, हे शब्दातच आहे.

दुसरा प्रश्न : ‘मी हा संदेश पाठवलाच नाही’ असं पाठवणारा नंतर म्हणाला तर? गुपित किल्ली दोघांकडे आहे. संदेश तिनेच तयार झाला एवढं सिद्ध होईल, पण दोघांपैकी कुणी केला हे तिसऱ्याला पटवता येणार नाही. खासगी किल्ली एकाकडेच, म्हणून सही तिनेच करायची. सहीचा रकाना उजवीकडेच का भरलेला असतो, त्याचं कारण एवढंच आहे.

खतावणी
मध्येच बोलते, माफ करा. मी करसल्लागार आहे, विवरणपत्रांवर डिजिटल सही करायला माझ्याकडे यूएसबी टोकन आहे. त्यातली किल्ली सार्वजनिक की खासगी? (बघा, मलाही तो ‘की’ आलाच.) मी समजत होते की टोकनचा पिन हीच खासगी किल्ली. तो मी मदतनिसाला सांगून ठेवलाय, कारण शेवटच्या तारखेला मी एकटी कुठे कुठे पुरणार. आणि हे वर म्हणतायत की जाहीर किल्लीने बंद आणि खासगीने उघड. माझ्या टोकनाने तर मी काहीच बंद करत नाही, फक्त सही करते.

तळटीप
पिन ही किल्ली नव्हे, किल्ली ठेवलेल्या पेटीची कडी आहे. खासगी किल्ली टोकनच्या चिपमध्ये असते आणि तिथून बाहेर निघत नाही, सहीचं गणित आतच होतं. मदतनिसाकडे नुसता पिन असेल तर काही बिघडत नाही. पिन आणि टोकन दोन्ही असतील तर मात्र तो तुमच्या नावाने सही करू शकतो, आणि ती तुमचीच धरली जाईल. प्रमाणपत्रात असते ती जाहीर किल्ली, तुमच्या नावाशी बांधलेली.

बंद आणि उघड यांचा क्रम सहीत उलटा होतो, परीक्षक नेमका तिथे पकडतात. पाटीपेन्सिल, आरएसए या जाहीर किल्लीच्या पद्धतीचं एकच गणित दोन्हीकडे वापरा. `p = 5`, `q = 11`, जाहीर घात `e = 3` :

```
n = 5 * 11 = 55
phi = 4 * 10 = 40
d = 27            (3 * 27 = 81, 81 mod 40 = 1)

9^3  mod 55 = 14
14^27 mod 55 = 9

9^27 mod 55 = 4
4^3  mod 55 = 9
```

वरच्या दोन ओळी गुप्ततेच्या. घेणाऱ्याची जाहीर किल्ली ३ वापरून ९ चे १४ केले, घेणाऱ्याने आपल्या खासगी २७ ने ते उघडले. खालच्या दोन सहीच्या. तिथे पाठवणारा स्वतःची खासगी २७ आधी वापरतो, आणि त्याची जाहीर ३ घेऊन कुणीही पडताळतो. ‘कोणती किल्ली’ याआधी ‘कुणाची किल्ली’ हे लिहायची सवय लावा. गुण तिथेच जातात. प्रत्यक्षात सही अख्ख्या मजकुरावर नव्हे, त्याच्यावरून काढलेल्या छोट्या ठशावर, म्हणजे हॅशवर होते, पण दोन पानांत तेवढी एक ओळ पुरे.

बोरूबहाद्दर
बळाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण तक्त्यात गुपित किल्ली १२८ बिटांची आणि आरएसएची २०४८ बिटांची लिहिलेली असते. मग उजवी पद्धत सोळापट बळकट झाली ना? आणि सुरुवात मुलांच्या ओळखीच्या ‘च’च्या भाषेने करा. ‘मला’चं ‘चलाम’, ‘घर’चं ‘चरघ’. अस्सल मराठी सममित कूटलेखन.

तळटीप
बिटांची तुलना अशी थेट होत नाही. एईएस या डावीकडच्या पद्धतीची १२८ बिटांची किल्ली शोधायला एकेक किल्ली लावून बघावी लागते. आरएसएमध्ये कुणी किल्ल्या लावून बघत नाही, `n` चे अवयव पाडायला जातात, आणि त्यासाठी आंधळ्या शोधापेक्षा खूप चांगल्या रीती आहेत. म्हणून १२८ बिटांच्या एईएसच्या तोडीला आरएसएची साधारण ३०७२ बिटांची किल्ली धरतात. लांब किल्ली हा उजवीकडचा गुण नाही, तिथे मोजावा लागणारा खर्च आहे. त्याच खर्चामुळे ती संथ, आणि म्हणून व्यवहारात मोठा मजकूर एईएसने बंद करतात आणि फक्त त्याची छोटी किल्ली दोघांत ठरवायला किंवा पोचवायला उजवीकडची पद्धत वापरतात.

‘च’ची भाषा मजेची आहे, पण तिला किल्लीच नाही. रीत कळली की सगळं कळलं, म्हणून दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनाही ती येते. रीत शत्रूला माहीत आहे असंच धरा, लपवायची ती फक्त किल्ली, हे केर्कहॉफ्सने १८८३ मध्ये लिहून ठेवलंय. किल्ली हवी तर खेळ बदला : ‘च’च्या जागी कुठलं अक्षर घालायचं ते दोघांनी गुपचूप ठरवायचं. तरी तीसपस्तीस अक्षरं लावून बघायला कितीसा वेळ लागतो?

मागचाबाक
मी विद्यार्थी आहे, आणि हेच गणित आम्हाला चाचणीत होतं! मी `d = 37` काढला. 3 × 37 = 111, त्याला ५५ ने भागून बाकी १. मग ताळा केला, `14^37 mod 55` बरोबर ९ आलं. संदेश परत मिळाला तरी गुण कापले. अन्यायच ना हा?

तळटीप
अन्याय नाही, पण दुर्दैव आहे. तुम्ही ४० ऐवजी ५५ ने भागलंत, ही या गणितातली नेहमीची चूक. तरी उत्तर आलं ते ९ या आकड्यामुळे. ९ चे घात करत ५५ ने भागत गेलं की दहाव्या घाताला बाकी १ येते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. १११ ला १० ने भागून बाकी १, म्हणून ९ घरी परतला. आता संदेश २ घेऊन बघा. कूट होईल ८, आणि :

```
8^37 mod 55 = 13
8^27 mod 55 = 2
```

२ चं चक्र वीसचं आहे, तिथे तुमचं बिंग फुटतं. म्हणून एका संदेशावर ताळा करू नका. `e` आणि `d` च्या गुणाकाराला `phi` ने भागून बाकी १ आहे ना, ते बघा. १११ ला ४० ने भागून उरतात ३१.

पाटीपेन्सिल
हे मी तशाच्या तसं घेतेय, ३७ सकट. शब्दांचं सध्या असं ठरवते : डावीकडे गुपित किल्ली, उजवीकडे जाहीर आणि खासगी किल्ली. ‘सार्वजनिक’ कंसातही नको, मला तो नळ आणि वाचनालयाचा शब्द वाटतो.

बोरूबहाद्दर
‘जाहीर’ मला जाहीर सभेचा वाटतो. प्रश्नपत्रिकेत ‘सार्वजनिक’ आलं तर मुलं काय करतील?

खतावणी
आमच्याकडे सगळे ‘पब्लिक की’च म्हणतात आणि कुणाचं अडत नाही. पिन मात्र आज बदलला.

मागचाबाक
एक शेवटचं. माझ्या शेजाऱ्याचा `d` ७ आला होता. त्याचेही गुण कापले. तो पण माझ्यासारखाच नशिबाने वाचला म्हणायचा?

तळटीप
नाही. त्याचं बरोबर होतं. ४० न घेता ४ आणि १० यांचा लसावि घेतला तरी चालतो, तो २०. 3 × 7 = 21, बाकी १. हा ७ प्रत्येक संदेशाला चालतो, २ लाही लावून बघा.

पाटीपेन्सिल
अरे देवा. आदर्श उत्तरपत्रिकेत २७ एवढंच छापलेलं असतं, आणि मीही त्यावरूनच तपासलेत.