मदत हवी आहे: एका मजल्यानंतर वरच्या मजल्याचा डिटेक्टर वाजला की डॅम्पर उलटे फिरतात

१२ मजल्यांच्या इमारतीच्या कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्समध्ये एक ओळ दुसरीला छेद देते आहे.

सातव्या मजल्याच्या ओळीत असं लिहिलंय: ७ चा सप्लाय डॅम्पर बंद, एक्झॉस्ट उघडा; ६ आणि ८ वर उलट, म्हणजे तिथे दाब वाढून धूर सातव्यावरच राहावा. आठव्याची ओळ हीच, फक्त एक मजला वर सरकवलेली. चाचणीत आधी सातव्याचा डिटेक्टर दिला, सगळं बरोबर झालं. चार मिनिटांनी आठव्याचा दिला (धूर शाफ्टमधून वर गेला तर हेच होणार), तर पॅनेलने आठव्याची ओळ वरून चढवली. सातव्याचा एक्झॉस्ट बंद झाला आणि सप्लाय उघडला, म्हणजे आगीला ताजी हवा! एकेक डिटेक्टर तपासताना हे कधीच दिसलं नसतं.

पहिल्या अलार्मचा झोन रीसेटपर्यंत लॅच करायचा, हे पक्कं. पण लॅच अख्ख्या ओळीवर लावला तर आठव्याचे हूटरही अडतात. शिवाय नंतर तळमजल्याच्या लिफ्ट लॉबीत धूर आला, तर लिफ्ट पर्यायी मजल्यावर वळायलाच हवी. म्हणून लॅच फक्त डॅम्पर आणि पंख्यांच्या रकान्यांना लावावा, असं मला वाटतं. फायरमन पॅनेलचा हाताचा स्विच अर्थातच या सगळ्याच्या वर.

हे तुम्ही मॅट्रिक्समध्ये कसं मांडता? वेगळा रकाना, की तळटीप? तळटीप प्रोग्रामिंगवाला वाचत नाही, हीच भीती आहे.