मदत हवी आहे: एआयने चित्रं जनरेट करायला लागलेली वीज आणि पाणी कसं काढायचं? (तातडीचं)

चित्रकथी
बालदिवाळी अंकात ४० चित्रं जाणार आहेत. या चित्रांना वीज-पाणी किती लागलं ते संपादकांना छापायचंय. नेटवर कुठे चमचाभर पाणी, कुठे अर्धी बाटली. उद्या पान छपाईला जातंय. कृपया नक्की आकडा सांगा.

वायरमन_सांगली
घरच्या मशीनवर काढता की वेबसाइटवर? कार्ड कोणतं, चित्राचा आकार काय, स्टेप्स किती? आणि ४० ही निवडलेली झाली, बाद किती केली? बाद चित्रालाही तेवढीच वीज लागते.

कृष्णाकाठ
एका चित्राला अर्धा लिटर पाणी, हे सगळीकडे आलंय. २० लिटर छापून टाका.

निंबोणी
नाही हो. तो अंदाज २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडच्या संशोधकांनी GPT-3 साठी मांडला होता. १० ते ५० उत्तरांना मिळून अर्धा लिटर, आणि तोही मजकुराचा. त्यात वीजकेंद्रातलं पाणीसुद्धा धरलंय.

पिंपरी_पीसी
माझ्या मशीनला लिक्विड कूलर आहे, पाणी आजवर बदललं नाही. म्हणजे पाण्याचा खर्च शून्य. तुम्हीही तोच बसवा.

वायरमन_सांगली
ते पाणी नळीतल्या नळीत फिरतं. इथे प्रश्न वीजकेंद्राच्या आणि डेटा सेंटरच्या कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचा आहे.

चित्रकथी
RTX 3060, १२ जीबी, SDXL, १०२४ बाय १०२४, ३० स्टेप्स. बाद धरून २००० चित्रं घरी, ५०० एका वेबसाइटवर. SMPS ६५० वॉटचा आहे, त्यानेच गुणू ना?

वायरमन_सांगली
नको. ६५० ही त्याची क्षमता, ओढ नव्हे. चित्रं चालू असताना हे लावा:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw --format=csv -l 1
```

हा फक्त कार्डाचा आकडा. पूर्ण मशीनचा हवा तर प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर घ्या. तो नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून वीजमीटरचा लाल दिवा दहा मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर imp/kWh छापलेलं असतं. ३२०० असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. पहिलं चित्र धरू नका, त्यात मॉडेल लोड होण्याचा वेळ असतो.

चित्रकथी
कार्ड ७० वॉट दाखवतंय, प्लगचा मीटर १४०. एका चित्राला दीड मिनिट. काहीतरी चुकतंय?

वायरमन_सांगली
वॉट कमी आणि वेळ जास्त, म्हणजे कार्डाची मेमरी भरलीय आणि काम साध्या रॅममध्ये सांडतंय. कार्ड रिकामं वाट बघतं, बाकी मशीन मात्र वीज खात राहतं. ब्राउझर आणि दुसरं लोड केलेलं मॉडेल बंद करून बघा.

चित्रकथी
आता मीटरवर २५० वॉट, वेळ २५ सेकंद.

वायरमन_सांगली
हिशेब सोपा आहे. २५० × २५ ÷ ३६०० = सुमारे १.७५ वॉट-तास. २००० चित्रांना साडेतीन युनिट. मघाच्या अवस्थेत हेच १४० × ९० ÷ ३६०० = ३.५ वॉट-तास, म्हणजे सात युनिट. जुनी चित्रं कुठल्या वेगाने निघाली ते फोल्डरमध्ये दिसेल: लागोपाठच्या दोन फाइल सेव्ह झालेल्या वेळांतलं अंतर बघा.
पाण्यासाठी, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा युनिटला साडेतीन लिटर. साडेतीन युनिटांना जास्तीत जास्त १२ लिटर, सातला २५.

निंबोणी
मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे. आपल्या ग्रिडमध्ये सौर आणि पवनही आहे, तिथे पाणी नगण्य. आणि तारांमधली गळती तुम्ही धरलीच नाही.

वायरमन_सांगली
मान्य. म्हणून तर 'जास्तीत जास्त' म्हटलं. गळती धरली तर आकडे आणखी पाचव्या हिश्श्याने वाढवा.

चित्रकथी
आणि वेबसाइटवरच्या ५०० चं?

निंबोणी
ते बाहेरून मोजता येत नाही. हगिंग फेस आणि कार्नेगी मेलनच्या अभ्यासात १००० चित्रांना सरासरी २.९ युनिट लागले, सर्वांत खादाड मॉडेलला ११.५. तुमच्या ५०० ना दीड ते पावणेसहा युनिट धरा. डेटा सेंटरची वातानुकूल यंत्रणा त्यात नाही, तिची २० टक्के भर घाला. पण हे सर्व्हर कुठे आहेत हे साइट सांगत नसेल तर पाण्याचा आकडा छापू नका. थंड हवेत बाहेरच्या वाऱ्यावर चालणारं केंद्र आणि उन्हाळ्यात पाणी उडवणारं केंद्र यांत फार फरक पडतो.

कृष्णाकाठ
मॉडेल शिकवायला लागलेली वीज कोण धरणार? ती सोडली तर हिशेब अर्धवटच.

निंबोणी
मुद्दा बरोबर. पण एकूण किती चित्रांत ती वाटायची हे कंपनी सांगत नाही, म्हणून 'प्रशिक्षण वगळून' एवढं लिहावं.

पिंपरी_पीसी
कार्डाची ओढ कमी करा, `nvidia-smi -pl 120`. वेळ थोडा वाढतो, वीज घटते.

वायरमन_सांगली
हे चालेल, ॲडमिन म्हणून चालवा. पण चित्रकथी, रात्री मशीन नुसतं चालू ठेवता का? ६० वॉटने दहा तास म्हणजे रोज ०.६ युनिट. सहा रात्रींत तुमच्या २००० चित्रांपेक्षा जास्त.

चित्रकथी
रात्रभर चालूच असतं. तेही छापायचं का?

कृष्णाकाठ
छापा.

निंबोणी
चित्रं काढण्यासाठीच चालू असेल तर छापा, नाहीतर ती वीज चित्रांची नव्हे. आधी फाइलींच्या वेळा बघून सांगा.