मदत हवी आहे: केमोनंतर आईचा डब्ल्यूबीसी १४०० आलाय, अंग गरम वाटतंय, क्रोसिन देऊ का?

मधुरा_भांडुप
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आईला (वय ५८) ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालंय, आता केमो सुरू आहे, एसी म्हणतात ती, म्हणजे ते लाल औषध आणि त्याबरोबर दुसरं एक. २१ दिवसांनी एक असे चार डोस, त्यातला दुसरा झालाय आणि आज त्याचा दहावा दिवस. डॉक्टरांनी मध्ये सीबीसी करायला सांगितली होती, रिपोर्ट आत्ता आला: डब्ल्यूबीसी १४००, न्यूट्रोफिल्स २२ टक्के, एचबी ९.८, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. डब्ल्यूबीसीपुढे लॅबने दोन स्टार मारलेत. आई म्हणतेय अंग मोडून आलंय, थंडी वाजतेय थोडी, काखेत थर्मामीटर लावला तर ९९.२ आला. क्रोसिन देऊन झोपवू का? सर्दी खोकला काही नाहीये. सगळे एचबीचीच काळजी करतायत, बीट डाळिंब खा म्हणून.

दुसरं म्हणजे उलट्या. पहिले पाच दिवस खूप हाल झाले. उलटीच्या गोळ्या आहेत पण ती उलटी झाल्यावरच घेते, आधीच पोटात औषधं कमी आहेत का म्हणते. आणि रात्रीची जी छोटी गोळी आहे, ओलान्झापिन, ती भावाने नेटवर बघितली तर मानसिक आजाराची निघाली, म्हणून त्याने बंदच केली. बरोबर केलं का?

तिसरं, परवा गणपती येतायत, घरी माणसं येणार.

रोहन_परळ
बापरे १४०० प्लेटलेट??? ताई वाट बघू नका, लगेच ॲडमिट करा. माझा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह आहे, एसडीपी डोनर लागला तर सांगा, परळला कधीही येऊ शकतो, आणखी दोन मित्र पण आहेत.

मधुरा_भांडुप
थँक्यू दादा पण १४०० डब्ल्यूबीसी आहे, प्लेटलेट १ लाख ३८ हजार.

बाळूकाका_गिरगाव
पोरी घाबरू नकोस. केमोत काउंट पडतातच आणि आपोआप वर येतात, माझ्या मेव्हण्याचं सगळं मी पाहिलंय. पाणी उकळून गार केलेलं द्यायचं, बाहेरचं खाणं बंद, कच्चं काही नको, फळंसुद्धा नकोत. पपईच्या पानांचा रस सकाळ संध्याकाळ दोन चमचे, आणि गुळवेल. आठवड्यात काउंट डबल. तापाला क्रोसिन चालतं, ५०० ची दे.

शैला_सिस्टर
मधुरा, क्रोसिन देऊ नकोस. आधी हे वाच. मी बरीच वर्षं केमोच्या डे केअरमध्ये काम केलंय, आता रिटायर आहे.

तुझ्या रिपोर्टमध्ये बघायचा आकडा वेगळाच आहे. १४०० चे २२ टक्के काढ, ३०८ येतात. डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी, त्यांतल्या इन्फेक्शनशी सगळ्यात आधी लढणाऱ्या म्हणजे न्यूट्रोफिल्स, आणि आईकडे त्या आज एवढ्याच आहेत. १५०० च्या वर असल्या तर ठीक, ५०० च्या खाली गेल्या की आम्ही पेशंटकडे वेगळ्या नजरेने बघतो. एचबी ९.८ ने दम लागेल, थकवा येईल, पण आजची रात्र त्याच्यावर अवलंबून नाहीये.

दहाव्याच दिवशी असं का, तर केमोने बोन मॅरोतलं नवीन पेशी बनणं काही दिवस थांबतं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस टिकतात म्हणून एचबी हळूहळू, डोसागणिक उतरतं, पण न्यूट्रोफिल्सचं आयुष्य अगदी थोडं असतं, जुन्या संपतात आणि मागून नवीन येत नाहीत. एसीमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातो, मग वर यायला लागतो. तेवढं बाळूकाका बरोबर बोलले. पण त्या मधल्या दिवसांत ताप आला तर तो नेहमीचा ताप नसतो.

आणि लक्षात घे, घसा लाल होणं, पू होणं, कफ पडणं हे सगळं त्या पेशींमुळेच होतं. पेशीच नाहीत तर खुणाही दिसत नाहीत. आत मोठं इन्फेक्शन असलं तरी बाहेर नुसता ताप, कधी नुसती थंडी. म्हणून "सर्दी खोकला नाहीये" यावर जाऊ नकोस. क्रोसिन दिलीस तर ताप दोन-चार तास दबेल, तुम्ही निवांत झोपाल आणि तेवढ्यात आतलं वाढेल.

आत्ता काय कर: काखेतला आकडा कमी दाखवतो, तोंडात लाव, चहा किंवा गरम पाणी प्यायली असेल तर वीस मिनिटं थांबून. १००.४ आला की लगेच केमोच्या युनिटला फोन, वेळ काही का असेना. एकदाच १०१ आला तर फोन करता करता निघायचंच. आणि थंडी वाजून हुडहुडी भरली, चक्कर आली, लघवी कमी झाली, बोलताना गोंधळली तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघायचं. खरं तर थंडी आत्ताच वाजतेय म्हणतेस, तर आकड्याची वाट न बघता आत्ताच फोन करून सांगून ठेव. फाइल, आजचा रिपोर्ट, चालू गोळ्या एका पिशवीत भरून दाराशी ठेव. भांडुपहून येणार असशील तर गाडीचं आत्ताच बघून ठेव, रिक्षा सायनच्या पुढे येत नाही आणि पावसात रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही.

मधुरा_भांडुप
तोंडात लावला, ९९.९. युनिटला फोन केला, त्यांनी दर अर्ध्या तासाने बघा आणि क्रोसिन नको हेच सांगितलं. सिस्टर, आधीच्या डोसाच्या वेळी असं काहीच झालं नव्हतं हो.

विनायक_ठाणे
आमच्या बाबांना फुप्फुसासाठी केमो झाली, उलट्यांसाठी आम्ही आवळा सुपारी आणि लिंबाचा वास द्यायचो, आराम पडायचा. फोडणीचा वास आला की पळायचे ते, म्हणून स्वयंपाक शेजारी काकूंकडे करायचो. ओलान्झापिन मात्र आम्हाला कोणी दिलीच नव्हती. आणि एक विचारायचं होतं, बाबांचे हातपाय अजून बधिर आहेत, केमो संपून बरेच महिने झाले, हे जातं का?

शैला_सिस्टर
विनायक, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याचा वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. बाबांना कुठली औषधं होती तेही लिहा.

मधुरा, ताप बघत बघत उलटीचं सांगते. एसी ही जास्त उलटी करणाऱ्या केमोंपैकी आहे. पहिल्या दिवसाची उलटी वेगळी आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची वेगळी, दोन्ही वेगवेगळ्या रस्त्याने येतात. म्हणून डॉक्टर एकच औषध देत नाहीत. केमोआधीचं इंजेक्शन, तीन दिवसांची ॲप्रेपिटंट, डेक्सा आणि रात्रीची ओलान्झापिन, अशी मोट बांधलेली असते. उलटी झाल्यावर घ्यायची गोळी ही त्याच्या वरची, जादा. वेळेच्या गोळ्या वेळेवरच घ्यायच्या, मळमळ नसली तरी. एकदा उलट्या सुरू झाल्या की मग थांबवणं फार अवघड जातं, आणि पुढच्या वेळी पेशंटला हॉस्पिटलच्या गेटपाशीच ढवळायला लागतं.

ओलान्झापिन मानसिक आजारासाठी वापरतात हे खरं, भावाचं वाचन चुकीचं नाही. पण मेंदूत मळमळीचे जे सिग्नल जातात तेही ती अडवते, आणि इथे डोस छोटा, दिवस मोजके, बहुतेक चारच. झोप येते, दुसऱ्या दिवशी सुस्ती राहते, रात्री बाथरूमला जाताना आईचा हात धरा. फारच गुंगी वाटली तर डोस कमी होतो का ते डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद नको. आणि एक, उलटीच्या ओन्डान्सेट्रॉन गोळीने शौचाला कडक होतं. काउंट एवढा कमी असताना एनिमा किंवा गुदद्वारातून घ्यायचं औषध अजिबात वापरू नका, तिथे जरा खरचटलं तरी आतले जंतू रक्तात जातात. पातळ करायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बाळूकाका_गिरगाव
सिस्टर, पपईच्या पानाला तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या मेव्हण्याला गुण आला होता.

शैला_सिस्टर
काका, मेव्हण्यांचा काउंट वर आला हे मी नाकारत नाही, तो त्या दिवसांत येतोच. पपईचं पान लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी देतात, यांच्या प्लेटलेट बऱ्या आहेत. आणि न उकळलेला पानांचा रस ३०८ काउंट असताना मी तरी देणार नाही. गुळवेलीने लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली होती, आणि केमोची औषधं लिव्हरमधूनच जातात. पाण्याचं, बाहेरच्या खाण्याचं तुमचं अगदी बरोबर. फळं मात्र बंद नका करू, केळं, संत्रं, नीट धुऊन साल काढून पपई चालते. सगळं शिजवलेलंच खाल्लं म्हणून इन्फेक्शन कमी होतं असं दिसलेलं नाही, उलट पेशंट खायचंच सोडतो.

बरीचशी इन्फेक्शनं पेशंटच्या स्वतःच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या जंतूंची असतात. म्हणून माणसांना लांब ठेवण्याइतकंच तोंड जपायला हवं. मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या.

मधुरा_भांडुप
१००.८. निघालो.

मधुरा_भांडुप
सगळ्यांना अपडेट. त्या रात्री शेजारच्या दादांनी गाडी काढली. पोचलो तर काउंटरवर नंबर घेऊन बसा म्हणाले, बाकावर खोकणाऱ्यांच्या मध्ये. मी जाऊन सरळ सांगितलं की केमोचा दहावा दिवस आहे, न्यूट्रोफिल ३०० आहेत आणि ताप १०१ आहे, तेव्हा मग डॉक्टर बाहेर आले आणि आत घेतलं. दोन्ही हातांतून कल्चरसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी काउंट आणखी उतरला होता, २६०. आता ताप नाही, काउंट चढतोय, आज घरी सोडतायत. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, तर भाऊ म्हणतो इन्फेक्शन नव्हतंच, उगाच ॲडमिट केलं?

शैला_सिस्टर
उगाच नाही. अशा तापात बऱ्याच वेळा जंतू सापडतच नाही. सापडेपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, म्हणूनच पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक लावायचा नियम आहे. आणि तू बाकावरून उठून सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता पुढच्या डोसाबद्दल काय म्हणाले?

मधुरा_भांडुप
तेच ठरत नाहीये. एक डॉक्टर म्हणाले डोस तोच ठेवून नंतर काउंट वाढवणारं पेगचं इंजेक्शन देऊ, भाऊ म्हणतो डोसच कमी करा, आईला हे परत सोसणार नाही. गणपतीला कोणाला बोलावलं नाही, व्हिडिओवर आरती केली.

बाळूकाका_गिरगाव
ते पेगचं इंजेक्शन मेव्हण्याला दिलं होतं, कंबर आणि मांड्या अशा ठणकल्या की रात्रभर बसून होता. पण ताप परत आला नाही हे खरं.

शैला_सिस्टर
हाडं ठणकतात कारण मॅरो जोरात कामाला लागतो, दोन-तीन दिवसांत जातं. डोस कमी करायचा की इंजेक्शन द्यायचं हे मी इथून सांगणार नाही. पण ऑपरेशननंतरची केमो बरं करण्यासाठी असते, तिथे शक्यतो डोस तोडायचा नाही असं बघतात. भावाला पुढच्या ओपीडीला बरोबर ने आणि हाच प्रश्न त्याला स्वतः डॉक्टरांना विचारू दे. इंजेक्शन ठरलं तर केमोनंतर २४ तास गेल्याशिवाय घ्यायचं नाही, घाई म्हणून त्याच दिवशी तर मुळीच नाही.

मधुरा_भांडुप
म्हणजे दुसऱ्या दिवशी परत परळला हॉस्पिटलात? का घरी घेता येतं? केमिस्ट म्हणाला फ्रिजमधलं आहे, बर्फाच्या डब्यातून न्या. भांडुप-मुलुंडकडे घरी येऊन देणाऱ्या कोणी सिस्टर माहीत असतील तर प्लीज मेसेज करा.