कॅबमधल्या फोनवर पिवळा पट्टा, आणि डार्क थीमचा वाद

पुणे_कॅबवाला
कॅब चालवतो. फोन दिवसभर डॅशबोर्डवर, मॅप चालू, ब्राइटनेस फुल. आता पांढरी स्क्रीन आली की खाली पिवळट पट्टा दिसतो. मॅपमध्ये वेळ आणि अंतर दाखवणारी पांढरी पट्टी असते ना, बरोबर तिथेच. हे कशामुळे होतं? डार्क थीम लावली तर थांबेल का, बॅटरी वाचेल का? दुकानवाला सॉफ्टवेअर मारून बघू म्हणतोय.

रात्रपाळी
दादा, डार्क थीम आधीच लावायला हवी होती. ओलेड स्क्रीनमध्ये काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल. बंद पिक्सेल झिजत नाही आणि बॅटरीही खात नाही. निम्मी बॅटरी वाचते, बर्न-इनचा, म्हणजे स्क्रीनवर कायमचे ठसे उमटण्याचा, प्रश्नच येत नाही.

चिंचवडची_मीनल
माझ्या फोनवर कित्येक महिने डार्क थीम आहे, बॅटरीत काडीचा फरक नाही. सगळी जाहिरातबाजी आहे.

सोल्डरिंग
मीनलताई, तुमचा पॅनेल एलसीडी आहे का ते बघा. एलसीडीत मागचा दिवा सतत जळत असतो, समोर काळं असो की पांढरं.

कॅबवाले दादा, सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. आधी पट्टा दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर बघा. तिथे पट्टा नसेल तर दोष पॅनेलचाच. मग पूर्ण निळं चित्र फुल स्क्रीनवर लावा, त्यानंतर लाल, मग हिरवं. निळ्यात तो भाग आजूबाजूपेक्षा काळपट दिसला आणि लाल-हिरव्यात जवळपास सारखा वाटला, तर पिक्सेलमधले निळा उजेड देणारे भाग, म्हणजे निळे सबपिक्सेल, दमलेत.

ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, आणि देता देता त्यातले सेंद्रिय रेणू मोडतात. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, म्हणून निळं आधी झिजतं. पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून होतो. त्यातला निळा कमी पडला की उरतो पिवळट. तुमची पट्टी तासन्‌तास पांढरी, वर नकाशा सरकता, त्यामुळे एकाच जागची झीज पुढे गेली. ब्राइटनेस दुप्पट केला तर झीज दुपटीहून जास्त वाढते. काचेतून येणाऱ्या उन्हाने फोन तापतो, ते वेगळंच. झीज सगळीकडे सारखी झाली असती तर डोळ्यांना कळलीही नसती.

रात्रपाळी
म्हणजे डार्क थीम असती तर वाचलं असतं, मी तेच म्हणतोय.

सोल्डरिंग
अर्धं बरोबर. पट्टी काळी झाली की तिथली झीज खूप कमी होईल. पण तिच्यावरचे वेळेचे आकडे पांढरेच राहणार, रोज त्याच जागी. आजूबाजूचे पिक्सेल आराम करतात आणि आकड्यांचे राबतात, म्हणजे फरक तिथे पडेल.

गुगलच्या पिक्सेल 2 एक्सएल फोनचं आठवतंय का? 2017 मध्ये खालच्या बटणांच्या पट्टीचे ठसे उमटल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा गुगलने वॉरंटी दोन वर्षांची केली. शिवाय बटणं मंद केली आणि काही ॲपमध्ये ती पट्टी फिक्या रंगाची ठेवायची सोय दिली, म्हणजे तिथले पिक्सेल बाकीच्या स्क्रीनसोबत झिजतील. ‘काळं म्हणजे सुरक्षित’ या समजाच्या बरोबर उलटा उपाय.

भाऊ_नाशिक
पटत नाही. एकूण झीज कमी झाली की पॅनेल जास्त टिकणार, आकड्यांचे ठसे उमटले तरी ते बारीक. पांढऱ्या पट्टीपेक्षा ते केव्हाही परवडलं. आणि निम्म्या बॅटरीचा दावा तरी कुठून आला?

सोल्डरिंग
ठशाबाबत तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही. कोणतं ॲप, किती तास, यावर आहे सगळं.

बॅटरीचं मात्र मोजून झालंय. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओलेड फोनवर तपासलं. ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना डार्क थीमने सरासरी 3 ते 9 टक्केच वीज वाचली, पूर्ण ब्राइटनेसला 39 ते 47 टक्के. म्हणजे रात्रपाळीचा आकडा उन्हातल्या फुल ब्राइटनेसला लागू पडतो, घरात फोन बघणाऱ्याला नाही.

चिंचवडची_मीनल
बघितलं, माझा एलसीडीच निघाला. पण मग गडद राखाडी थीमचं काय? काहीजण म्हणतात पूर्ण काळीच हवी.

सोल्डरिंग
फरक नगण्य. गुगलच्या डार्क थीमचा `#121212` हा राखाडी घ्या, पांढऱ्याच्या साधारण 0.3 टक्के उजेड देतो.

भाऊ_नाशिक
उन्हात डार्क नकाशा वाचायलाच येत नाही हो. माणूस ब्राइटनेस आणखी वर नेतो. दादांना डार्क सुचवण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा फोन सावलीत बसवा आणि सरळ रस्त्यावर स्क्रीन बंद करून आवाजावर चाला.

पुणे_कॅबवाला
निळं चित्र लावून बघितलं. पट्टा काळपट दिसतो, लाल-हिरव्यात काही नाही. स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर साफ आहे. ते बर्न-इन घालवणारे ॲप मिळतात, त्याने जाईल का?

सोल्डरिंग
नाही. झिजलेलं परत येत नाही. ती ॲप्स बाकीची स्क्रीन झिजवून फरक झाकायला बघतात. स्क्रीन बदलायचा खर्च विचारा, पण पट्टा फक्त पांढऱ्यावर दिसत असेल तर मी अजून चालवला असता.