मदत हवी आहे: दुसरीचं प्रकट वाचन रनिंग रेकॉर्डने तपासताना गुण कसे धरायचे आणि पुढे काय करायचं?

दुसरीची_बाई
जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. प्रत्येक मूल माझ्याजवळ बसून वाचतं आणि मी माझ्या प्रतीवर खुणा करते, असं सुरू केलंय. बरोबर शब्दाला ✓, चुकला तर मूल जे म्हणालं ते शब्दाच्या वर लिहायचं, इथपर्यंत जमतंय. गाडी अडते ती बेरीज करताना. एका मुलाचीच नोंद देते. उतारा ५० शब्दांचा, त्याने आधी न वाचलेला:

सकाळी पाऊस थांबला. मनू अंगणात आली. झाडाखाली एक पिल्लू बसले होते. त्याचे पंख ओले झाले होते. मनूने आईला हाक मारली. आई फडके घेऊन आली. तिने पिल्लाला हळूच उचलले. मनूने वाटीत पाणी आणले. पिल्लू थोडे पाणी प्यायले. मग पंख झटकून उडाले. मनू टाळ्या वाजवत राहिली. फांदीवर त्याची आई वाट बघत होती.

| छापलेलं | मुलाने वाचलेलं |
|---|---|
| अंगणात | अंगणात, अंगणात |
| झाडाखाली | झाडावर |
| फडके | फळे |
| हळूच | हळू |
| पाणी (दोनदा) | पानी |
| प्यायले | थांबला, मी सांगितलं |
| झटकून | झाकून... झटकून |
| टाळ्या | टाळा |
| वाट | गाळला |

वेळ लागला १ मिनिट ४० सेकंद. सगळं चूक धरलं तर ८० टक्के येतात, थोडं सोडून दिलं तर ८८. खरं कोणतं? आणि पुढच्या आठवड्यात या मुलासोबत नेमकं काय करू?

घड्याळवाले_गुरुजी
मॅडम, टक्के राहू द्या. निपुण भारतमध्ये दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे लक्ष्य आहे. तुमचा मुलगा ५० शब्दांना १०० सेकंद घेतो, म्हणजे ३० शब्द. रोज घड्याळ लावून तोच उतारा वाचून घ्या, आकडा वाढेल. आमच्या वर्गात वाढला.

पानोपानी
गुरुजी, ४५ ते ६० हा आकडा बरोबर आहे, पण तो समजून वाचण्याचा आहे आणि त्यात बरोबर वाचलेलेच शब्द मोजायचे असतात. तोच उतारा रोज वाचला की त्या उताऱ्यावरचा आकडा वाढणारच. नवा उतारा दिल्यावर किती राहतो, ते बघायला हवं.

बाई, आता तुमची बेरीज. मूल शब्द पुन्हा म्हणालं तर ती चूक नाही, खूण तेवढी करून ठेवायची. 'झटकून' त्याने स्वतः सुधारलं, म्हणून तेही चूक नाही, 'स्वदुरुस्ती' म्हणून वेगळं मोजायचं. 'पानी' ही त्याच्या घरची बोली आहे. शब्द त्याने ओळखला, अर्थही तोच, त्यामुळे चूक नाही. तुम्ही सांगितलेला शब्द मात्र चूक, गाळलेलाही चूक. मग उरतात सहा: झाडावर, फळे, हळू, प्यायले, टाळा, वाट. कागदाच्या तळाशी असं लिहा:

अचूकता: (५० − ६) ÷ ५० × १०० = ८८ टक्के
स्वदुरुस्ती: (चुका ६ + दुरुस्ती १) ÷ १ = ७, म्हणजे सातात एक
वेग: ४४ × ६० ÷ १०० = मिनिटाला सुमारे २६ बरोबर शब्द
गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली का:

शेवटची ओळ तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून 'काय झालं ते सांग' एवढंच विचारा.

ही पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची. सर्वसाधारणपणे ९५ टक्क्यांच्या वर मजकूर सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिक्षक शेजारी असताना वाचण्याजोगा, ९० च्या खाली कठीण. तुमचा मुलगा ८८ वर आहे, पण ५० शब्दांत एक चूक म्हणजे २ टक्के. एक शब्द इकडेतिकडे झाला की तो ९० वर गेला असता. शंभरेक शब्दांचा उतारा घ्या, मगच पातळी ठरवा.

सोनूची_आई
माझा मुलगा दुसरीतच आहे, तो बोलतानाही अडखळतो. शाळेत त्याचं वाचन मिनिटांवर मोजतात आणि तो रडत घरी येतो. त्याच्यासाठी कोणतं पुस्तक घेऊ?

पानोपानी
ताई, पुस्तकाआधी त्याच्या बाईंशी बोला. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचं घड्याळ त्याचं वाचन सांगत नाही, जीभ किती वेळ अडकली तेवढंच सांगतं. त्याची फक्त अचूकता बघा आणि गोष्ट सांगायला लावा, असं सुचवून बघा. वाणी उपचारतज्ज्ञांना दाखवलं नसेल तर तेही करा.

कोकणची_शिक्षिका
'हळूच' ऐवजी 'हळू' ही पूर्ण चूक धरायला माझं मन होत नाही. शब्दाचा गाभा त्याने वाचलाय. आणि ९०-९५ च्या या रेषा इंग्रजी मजकुरावरून आल्यात. तिकडे दोन-तीन शब्दांत मांडतात ते आपल्याकडे 'झाडाखाली' या एकाच शब्दात मावतं. एका प्रत्ययाला अख्खा शब्द कापायचा?

पानोपानी
मुद्दा रास्त आहे, यावर माझंही पक्कं मत नाही. मी चूक धरते, पण शेजारी 'प्र' लिहिते, म्हणजे प्रत्ययाच्या चुका वेगळ्या दिसतात. वर्षभर एकाच पद्धतीने धरलं की त्या मुलाची आधीची आणि नंतरची नोंद तरी ताडून बघता येते.

या मुलाच्या कागदावर टक्क्यांपेक्षा चुकांचा आकार बोलतो. झाडावर, फळे, हळू, टाळा: चारही ठिकाणी सुरुवात बरोबर आहे, शेवट अंदाजाने. 'आई फळे घेऊन आली' हे वाक्य म्हणून ठीकच वाटतं, म्हणून तो थांबलाही नाही. म्हणजे त्याला अर्थ लावायची सवय आहे, शब्दाच्या टोकापर्यंत नजर जात नाही. अशा मुलाला 'चित्र बघ आणि ओळख' म्हणू नका, अंदाज बांधणं त्याला आधीच येतं. अडला की शब्दाखाली बोट शेवटच्या अक्षरापर्यंत नेऊन पूर्ण शब्द वाचायला सांगा.

रोज दहा मिनिटं पुरतील. दोन दिवस झाडाखाली, झाडावर, झाडामागे अशा चिठ्ठ्या, चिठ्ठी वाचून वस्तू तिथे ठेवायची. शेवट चुकला तर वस्तू भलतीकडे जाते आणि त्याला स्वतःलाच कळतं. पुढचे दोन दिवस टाळा-टाळ्या, गोळा-गोळ्या, काठी-काठ्या अशा जोड्या, कारण 'प्यायले' आणि 'टाळ्या' दोन्हीकडे य चं जोडाक्षर आडवं आलंय. मात्र 'प्यायले' दोनदा-तीनदा वेगळ्या मजकुरात बघा, एका शब्दावरून ठरवू नका. सोबत रोज एक सोपा उतारा, ९५ टक्क्यांच्या वर जाणारा, मोठ्याने. तीनेक आठवड्यांनी याच पातळीचा नवा उतारा घ्या. शेवटाच्या चुका कमी झाल्या पण वेग तोच राहिला, तरी उपाय लागू पडतोय असं समजा.

घड्याळवाले_गुरुजी
चिठ्ठ्यांचं पटलं. पण तपासणीला अधिकारी आले की मिनिटाचाच आकडा विचारतात, त्याचं काय?

पानोपानी
२६ सांगा, आणि कागद समोर ठेवा. वेग कमी का, ते त्या कागदावरच दिसतं.

दुसरीची_बाई
आज त्यालाच पुन्हा बोलावून 'काय झालं ते सांग' विचारलं. म्हणाला, पिल्लू झाडावर बसलं होतं, मनूने आईला बोलावलं, आईने फळं आणली, मग ते उडालं. अंदाजाने वाचलेल्या दोन्ही जागा गोष्टीत तशाच आल्या! 'झाडावर होतं तर आईने उचललं कसं?' विचारलं तर गप्प बसला आणि उतारा परत मागितला. बोट ठेवून वाचला, 'झाडाखाली' बरोबर आलं.

चिठ्ठ्या उद्यापासून. एक अडचण राहते: एकाची नोंद घ्यायला दहा मिनिटं जातात, तोवर बाकीच्यांना काय द्यायचं? एकशिक्षकी शाळेतले कोणी असेल तर सांगा.